आवाज येतो, पण चेहरा अडकतो: परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉल करताना

मंडळी, कॉल लागतो, नात हसते, "आजी, हे बघ" म्हणत काहीतरी कॅमेऱ्यासमोर धरते आणि नेमकं तेव्हाच चित्र थांबतं. तोंड अर्धवट उघडं, हात हवेतच. आवाज मात्र येत असतो. आपण "हॅलो, दिसतंय का?" करत बसतो आणि तोवर नातीचा उत्साह मावळतो. आज फक्त या एकाच अडचणीबद्दल बोलू. चित्र अडकतं कशामुळे, दोष आपल्या घरात की त्यांच्या घरात हे कसं ओळखायचं, आणि आपल्या घरात असेल तर काय करायचं.

"सातासमुद्रापलीकडे बोलतोय, अडकणारच," असं बरेचजण म्हणतात. पण समुद्राचा यात फारसा दोष नसतो. समुद्राच्या तळाशी काचेच्या तंतूंच्या केबल टाकलेल्या आहेत आणि त्यांतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. म्हणजे १३ हजार किलोमीटर अंतर कापायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. प्रत्यक्षातली वाट वळणावळणाची असते, मध्ये यंत्रंही असतात, त्यामुळे त्याच्या दुप्पट वेळ लागतो असं धरा. अंतरामुळे होतं ते एवढंच, की तुमचं वाक्य तिकडे थोडं उशिरा पोचतं. दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात. हा झाला उशीर. त्यावर उपाय एकच, वाक्य संपल्यावर क्षणभर थांबायचं. चित्र अडकणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचं कारण बहुतेक वेळा आपल्या खुर्चीपासून राउटरपर्यंतच्या दहा-पंधरा पावलांत असतं, नाहीतर नातवंडांच्या घरातल्या तेवढ्याच पावलांत.

चित्र थांबतं म्हणजे काय होतं

व्हिडिओ कॉलमध्ये प्रत्येक क्षणाचं पूर्ण चित्र पाठवत नाहीत. सुरुवातीला एक पूर्ण चित्र जातं आणि त्यानंतर फक्त बदल जातात: डोकं एवढं वळलं, हात एवढा वर गेला. हे बदल छोट्या छोट्या तुकड्यांत येतात. वाटेत काही तुकडे हरवले किंवा फार उशिरा आले, तर फोनला पुढचं चित्र जुळवता येत नाही. मग तो शेवटचं चांगलं चित्र तसंच धरून ठेवतो. तेच ते अर्धवट उघडं तोंड. फोन समोरच्या फोनकडे नवं पूर्ण चित्र मागतो. पण पूर्ण चित्र आकाराने मोठं असतं, आणि वाट आधीच तुंबलेली असली तर तेही अडकतं. म्हणून काही वेळा चित्र थांबलं की बराच वेळ हलतच नाही.

आवाज मात्र फार थोड्या जागेत मावतो. त्याला सेकंदाला साधारण ३० ते ५० किलोबिट पुरतात, तर चित्राला ५०० ते १५०० लागतात. अरुंद गल्लीतून सायकल निघून जावी आणि ट्रक अडकावा, तसं होतं. यातून पहिली खूण मिळते. आवाज नीट आहे आणि फक्त चित्र थांबलंय, तर इंटरनेट चालू आहे पण वाट अपुरी पडतेय. आवाजही गेला आणि स्क्रीनवर Reconnecting असं आलं, तर जोडणीच तुटतेय. पहिल्या बाबतीत गर्दी कमी करायची असते, दुसऱ्या बाबतीत जागा बदलायची किंवा राउटर तपासायचा असतो.

दोष कोणाच्या घरात?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण बरेच वाद याच ठिकाणी होतात. नातू म्हणतो तुमचं नेट खराब, आजोबा म्हणतात तुझं.

आपल्या घरातून निघणाऱ्या माहितीची वाट आणि घरात येणारीची वाट, या दोन वेगळ्या वाटा समजा. तुमचा चेहरा जाणाऱ्या वाटेने जातो, नातवाचा येणाऱ्या वाटेने येतो. अनेक जोडण्यांमध्ये येणारी वाट रुंद असते आणि जाणारी अरुंद. सिनेमा बघायला येणारी वाट पुरते, म्हणून "टीव्हीवर तर सगळं छान चालतं, मग कॉललाच काय होतं?" हा प्रश्न पडतो. टीव्ही पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो आणि पाठवत जवळजवळ काहीच नाही. कॉलमध्ये साठवायला वेळ नसतो आणि पाठवावंही तेवढंच लागतं.

म्हणून चित्र अडकलं की नातवाला एकच प्रश्न विचारा: "तू मला अडकलेला दिसतोयस, मी तुला हलताना दिसते का?" तुम्ही त्याला हलताना दिसत असाल आणि तो तुम्हाला थांबलेला दिसत असेल, तर त्याची जाणारी किंवा तुमची येणारी वाट अडली आहे. उलट असेल, म्हणजे तो तुम्हाला छान दिसतोय पण तुम्ही त्याला पुतळ्यासारखे दिसताय, तर आधी स्वतःच्या घरावर संशय घ्या. दोघंही अडकलेले असाल तर एका घराचं वायफाय ढिलं असण्याची शक्यता जास्त.

संशय पक्का करायला कॉल बंद करा आणि त्याच खुर्चीत बसून, त्याच फोनवरून, दुसऱ्या घरातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला दोन मिनिटं व्हिडिओ कॉल करा. तिथेही चित्र अडकलं तर दोष बहुधा आपल्याकडे. तिथे स्वच्छ चाललं तर नातवाला सांगा, "तू वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून लाव." तसं केल्यावर सुधारलं तर दोष त्याच्या वायफायमध्ये होता.

एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. स्क्रीनच्या कोपऱ्यात आपला स्वतःचा छोटा चेहरा दिसतो. तो छान हलतोय म्हणून "माझं नेट चांगलंय" असं समजू नका. तो चेहरा इंटरनेटवरून येतच नाही, कॅमेऱ्यातून थेट स्क्रीनवर येतो. नेट पूर्ण बंद असलं तरी तो हलेल. मात्र तोच चेहरा अडखळत असेल तर मोठी खूण मिळाली: दोष नेटचा नाही, फोन थकला आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

खुर्ची आणि राउटर

दोष आपल्या घरात निघाला तर पहिली तपासणी जागेची. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, जमिनीवर किंवा पाण्याच्या टाकीशेजारी असेल तर त्याच्या लहरी तिथेच अडतात. धातू त्या परतवतो, पाणी त्या शोषून घेतं, जाड भिंत त्यांना क्षीण करते. राउटर उघड्यावर, साधारण छातीच्या उंचीवर हवा. तो हलवता येत नसेल तर खुर्ची हलवा. कॉलसाठी एक ठरावीक जागा करा, जिथून राउटर दिसतो आणि मध्ये भिंत नाही. बऱ्याच घरांची अडचण एवढ्यानेच सुटते.

आता राउटरच्या दोन नावांबद्दल. वायफायच्या यादीत घरचंच नाव दोनदा दिसतं, एक साधं आणि एक शेवटी _5G किंवा तसंच काही जोडलेलं. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह जीशी काही संबंध नाही. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो, २.४ गिगाहर्ट्झच्या आणि ५ गिगाहर्ट्झच्या. २.४ च्या लहरी लांब जातात, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतात, पण तिथे गर्दी असते: शेजाऱ्यांची वायफाय, ब्लूटूथ, आणि चालू असेपर्यंत मायक्रोवेव्ह ओव्हन, कारण तोही जवळपास त्याच लहरींवर चालतो. ५ च्या लहरी वेगवान आणि मोकळ्या, पण दोन भिंतींपलीकडे दम तोडतात. म्हणून राउटरच्या खोलीत बसून बोलणार असाल तर 5G लिहिलेलं नाव निवडा, लांबच्या खोलीत असाल तर साधं. एकच नाव दिसत असेल तर राउटर स्वतः निवड करतो. तेव्हा जवळ बसणं हाच उपाय.

बोलता बोलता घरभर फिरू नका. नातीला बाल्कनीतलं झाड दाखवायला जाताना फोन वायफायवरून मोबाइल डेटावर उडी मारतो आणि परत येताना पुन्हा वायफायवर. प्रत्येक उडीला चित्र थांबतं. झाड दाखवायचंच असेल तर त्याचा फोटो काढून पाठवा, नाहीतर कॉलपुरतं मोबाइल डेटा बंद ठेवून वायफायच्या टप्प्यातच राहा.

एक उदाहरण, पायरीपायरीने

आता घरात दिसतच नाही असं एक कारण. समजा एका आजींचा कॉल दर रविवारी सकाळी असतो. पहिली पाच मिनिटं सगळं छान, मग चेहरा थांबतो. आवाज चालू राहतो. इतर दिवशी कॉल केला तर अडचण येत नाही. राउटर समोरच आहे, खुर्ची जागेवर आहे.

आजी वरचा प्रश्न विचारतात. नातू म्हणतो, "आजी, तू थांबलेली दिसतेस." पण तो त्यांना हलताना दिसतो. म्हणजे बहुधा आजींच्या घरातून जाणारी वाट अडली आहे. त्या कोपऱ्यातला स्वतःचा चेहरा बघतात. तो सुरळीत आहे, म्हणजे फोन बरा आहे. मग कॉल ठेवून त्या फोनच्या ब्राउझरमध्ये fast.com उघडतात. तिथे लगेच एक मोठा आकडा येतो. तो येणाऱ्या वाटेचा. आपल्याला हवा तो आकडा लपलेला असतो. Show more info वर बोट लावलं की खाली Upload लिहिलेला आकडा दिसतो. तोच जाणाऱ्या वाटेचा. आजींच्या फोनवर येणारा आकडा ४० आहे आणि जाणारा ०.७. एका चांगल्या व्हिडिओ कॉलला जाणारी वाट २ मेगाबिटच्या वर असलेली बरी. ०.७ मध्ये आवाज निघतो, चित्र धापा टाकतं.

मग ती वाट भरतंय कोण? रविवारी सकाळी घरात काय वेगळं असतं? आजोबा शनिवारी फिरायला जातात, फोटो आणि व्हिडिओ काढतात, आणि रविवारी सकाळी फोन चार्जिंगला लावतात. फोन चार्जिंगला आणि वायफायवर असला की फोटोंची प्रत इंटरनेटवरच्या साठ्यात चढवण्याचं काम अनेक फोन आपणहून सुरू करतात. काही मिनिटांचे मोठे व्हिडिओ वर चढताना जाणारी वाट काठोकाठ भरते. स्क्रीन बंद असते, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. राउटरमध्ये रांग लागते आणि आजींच्या चेहऱ्याचे तुकडे त्या रांगेत उभे राहतात. पोचतात तेव्हा त्यांची वेळ निघून गेलेली असते.

पारख सोपी आहे. आजोबांच्या फोनचं वायफाय बंद करा आणि fast.com पुन्हा चालवा. Upload चा आकडा ०.७ वरून ८ वर गेला, म्हणजे चोर सापडला. उपायही तोच: कॉलच्या अर्ध्या तासापुरतं त्या फोनचं वायफाय बंद. प्रती बनवणं कायमचं बंद करू नका, फोन हरवला तर त्याच प्रती फोटो वाचवतात. फक्त वेळ बदला, फोन रात्री चार्जिंगला लावा. घरात पाळतीचे कॅमेरे असतील तर तेही दिवसभर वर काहीतरी पाठवत असतात. त्यांचं चित्रण बाहेर साठवलं जात असेल तर संशयितांच्या यादीत तेही घ्या.

आकडा वाचताना एवढं सांभाळा की चाचणी त्याच खुर्चीत, त्याच फोनवरून आणि कॉलच्याच वेळी करायची. दुपारी राउटरशेजारी उभं राहून घेतलेला आकडा रविवार सकाळच्या अडचणीबद्दल काही सांगत नाही. कॉल चालू असताना चाचणी करू नका, चाचणी स्वतःच वाट भरते.

फोन थकला असेल तर

कोपऱ्यातला स्वतःचा चेहरा अडखळतोय, फोन हाताला गरम लागतोय, तर राउटरला हात लावू नका. कॅमेरा, स्क्रीन, स्पीकर आणि वायफाय एकदम चालवताना फोन तापतो आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी काम हळू करतो. चार्जरला लावून, जाड कव्हरमध्ये, उन्हात धरलेला फोन वीसेक मिनिटांत या अवस्थेला येऊ शकतो. म्हणून कॉलच्या आधी चार्ज पूर्ण करा, कॉलच्या वेळी चार्जर काढा, कव्हर काढा आणि फोन हातात न धरता स्टँडवर ठेवा, म्हणजे पाठीला हवा लागते. स्टँडचा दुसरा फायदा असा की हात थरथरला नाही तर चित्रात बदल कमी होतात आणि पाठवायचे तुकडेही कमी होतात. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल तर कॉलपुरती बंद करा. फोन आठवडाभर बंद केला नसेल तर कॉलच्या दहा मिनिटं आधी एकदा बंद करून चालू करा.

कधी कधी काहीच बिघडलेलं नसतं. बोलता बोलता अंगठा स्क्रीनच्या खालच्या पट्टीला लागतो, कॉल मागे जातो आणि कॅमेरा थांबतो. नातवाला थांबलेलं चित्र दिसतं, तुम्हाला फोनची मुख्य स्क्रीन. घाबरू नका, कॉल तुटलेला नाही. स्क्रीनवर वरच्या बाजूला चालू कॉलची पट्टी किंवा कोपऱ्यात छोटी चौकट असते, तिच्यावर बोट ठेवा. मध्येच साधा फोन आला आणि तो उचलला तरी व्हिडिओ थांबतो. तो नको असेल तर कापा, नातवंडांशी बोलणं संपल्यावर परत लावता येतो.

कॉल चालू असतानाच अडकलं तर

आधी दहा सेकंद वाट पाहा, बऱ्याच वेळा नवं पूर्ण चित्र तेवढ्यात येतं. नाही आलं तर कॅमेऱ्याचं बटण दाबून आपला व्हिडिओ बंद करा, "पंधरा सेकंद थांब" म्हणा आणि पुन्हा चालू करा. यामुळे तुंबलेली वाट थोडी मोकळी होते आणि नवं चित्र सुरुवातीपासून जातं. तरीही नाही, तर कॉल ठेवून पुन्हा लावा. एकाने ठेवायचा आणि त्यानेच लावायचा हे आधी ठरवून घ्या, नाहीतर दोघंही एकमेकांना लावत बसता आणि दोन्हीकडे फोन गुंतलेला लागतो.

कॉल गटाचा असेल, म्हणजे मुलगा, सून, नात वेगवेगळ्या फोनवर, तर प्रत्येक चेहऱ्याची वेगळी माहिती येते आणि भार वाढतो. शक्य असेल तर त्यांनी तिघांनी एका फोनसमोर बसावं.

जाणारी वाट मुळातच अरुंद असेल आणि ती वाढवता येत नसेल, तर व्हॉट्सॲपमध्ये एक सोय आहे. Settings मध्ये Storage and data, आणि तिथे Use less data for calls. ती चालू केली की चित्र जरा धुरकट होतं, पण अडकणं कमी होतं. नातीचा चेहरा थोडा मऊसर दिसला तरी चालेल, तो हलता दिसायला हवा. वाट चांगली असताना मात्र ही सोय बंद ठेवा. कुणीतरी केव्हातरी चालू करून विसरलेलं असतं आणि मग धुरकट चित्राचं खापर नेटवर फुटतं.

राउटर बंद-चालू करणं आणि एक धोक्याचं भोक

राउटर महिनोन्महिने चालू असतो आणि कधीकधी त्यालाही गोंधळ होतो. त्याची वायर काढा, ३० सेकंद थांबा, परत लावा. दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढा वेळ कॉल लावू नका. कॉलच्या अर्धा तास आधी केलेलं बरं. पण राउटरच्या मागे Reset लिहिलेलं सुईच्या टोकाएवढं भोक असतं, त्यात पिन घालू नका. त्याने नुसता राउटर बंद-चालू होत नाही, आत साठवलेलं नाव, पासवर्ड आणि जोडणीची माहिती पुसली जाते, आणि मग माणूस बोलावल्याशिवाय घरातलं इंटरनेट सुरू होत नाही.

हे सगळं करूनही अडकत असेल, तर एका कागदावर तीन वेळांचे आकडे लिहा: सकाळ, दुपार आणि कॉलची नेहमीची वेळ. तिन्ही वेळा राउटरपासून दोन हातांवर बसून, घरातले बाकीचे फोन वायफायवरून काढून. दुपारी Upload ८ आणि कॉलच्या वेळी १ येत असेल, तर तुमच्या घरात शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. त्या वेळी तुमच्या भागातली जोडणीच गर्दीने भरते. कंपनीला फोन करताना "नेट स्लो आहे" असं म्हणू नका, कारण त्यावर राउटर बंद-चालू करा एवढंच उत्तर मिळेल. "राउटरजवळ, एकच फोन जोडलेला असताना, या वेळी अपलोड १ येतो आणि दुपारी ८ येतो" असं सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तोवर नातवंडांशी बोलायची वेळ तासभर पुढे-मागे करून पाहा. गर्दी बहुधा ठरावीक तासांतच असते.